कुंद्याच्या उदाहरणातला ब्रेक-इव्हन बिंदू: १,२०० किलो की ६,००० किलो?

प्रश्न: सर, मी बेळगावात बी.कॉम. करतो आहे. मॅनेजेरियल अकाउंटिंगच्या नोट्समध्ये कुंदा तयार करणाऱ्या एका घटकाचे उदाहरण आहे. विक्रीदर किलोला ४०० रुपये, बदलता खर्च किलोला २५० रुपये, महिन्याचा स्थिर खर्च १,८०,००० रुपये आणि सध्याची विक्री १,५०० किलो. ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा बिंदू किती किलोंवर येतो याचे उत्तर १,२०० किलो दिले आहे. मी आधी एका किलोचा पूर्ण खर्च काढला, तो ३७० रुपये आला, म्हणजे किलोमागे नफा ३० रुपये. मग १,८०,००० ला ३० ने भागले तर ६,००० किलो येतात. माझे कुठे चुकले? आणि पगार, वीजबिल असे खर्च नेमके कोणत्या बाजूला टाकायचे?

उत्तर: नोट्समधले उत्तर बरोबर आहे. तुमच्या मांडणीत स्थिर खर्च दोनदा वसूल झाला आहे, आणि ही चूक इतक्या विद्यार्थ्यांकडून, किंबहुना इतक्या कारखानदारांकडूनही होते की ती नीट उलगडून पाहणे योग्य ठरेल.

तुमचे ३७० रुपये कसे तयार झाले ते आधी पाहू. त्यात २५० रुपये बदलत्या खर्चाचे आहेत आणि उरलेले १२० रुपये म्हणजे १,८०,००० रुपयांचा स्थिर खर्च १,५०० किलोंवर वाटून आलेला वाटा आहे. याचा अर्थ असा की ४०० मधून ३७० वजा करताना तुम्ही प्रत्येक किलोकडून स्थिर खर्चाचा हिस्सा आधीच कापून घेतला होता. मागे राहिलेले ३० रुपये हे स्थिर खर्च भागल्यानंतरचे आहेत. त्याच ३० रुपयांकडून तुम्ही पुन्हा पूर्ण १,८०,००० रुपये भरून मागितले, म्हणून उत्तर पाचपट फुगले. पडताळणी करायची असेल तर ६,००० किलो विक्रीचा हिशेब मांडून पाहा. विक्री २४,००,००० रुपये, बदलता खर्च १५,००,००० रुपये, स्थिर खर्च १,८०,००० रुपये, म्हणजे ७,२०,००० रुपये नफा उरतो. ज्या बिंदूवर सव्वासात लाखांच्या जवळपास नफा होतो त्याला ना नफा ना तोटा बिंदू म्हणता येणार नाही. कोणतेही उत्तर आले की ते असे नफा-तोट्याच्या मांडणीत परत घालून शून्य येते का ते पाहावे, कारण हा ताळा परीक्षेतही अर्ध्या मिनिटात होतो.

या चुकीच्या मुळाशी आणखी एक समज आहे, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. किलोमागचे १२० रुपये हा कुंद्याचा गुणधर्म आहे असे आपण नकळत धरून चालतो. दूध आणि साखर एका किलोत खरोखरच मुरलेली असतात. जागेचे भाडे मात्र एका किलोत मुरत नाही, ते संपूर्ण महिन्याचे असते. महिन्यात १,००० किलो विकले गेले तर स्थिर खर्चाचा वाटा किलोमागे १८० रुपये होतो, १,८०० किलो विकले गेले तर तो १०० रुपयांवर येतो. तुमचे १२० रुपये फक्त १,५०० किलोंच्या महिन्यातच खरे आहेत. आपण तर नेमके किती किलो विकावे लागतील हेच शोधत आहोत, म्हणजे जे शोधायचे आहे ते आधीच १,५०० आहे असे धरून काढलेला आकडा त्या शोधात वापरता येत नाही.

आता तुमच्याच पूर्ण खर्चाच्या पद्धतीने १,२०० किलो तपासू. १,८०,००० रुपये १,२०० किलोंवर वाटले की किलोमागे १५० रुपये येतात. त्यात २५० मिळवले की पूर्ण खर्च बरोबर ४०० रुपये होतो आणि विक्रीदरही ४०० रुपयेच आहे. म्हणजे पूर्ण खर्चाच्या बाजूने पाहिले तरी ब्रेक-इव्हन तोच निघतो. फक्त त्या बाजूने तो अंदाजाने शोधावा लागतो, एका भागाकारात मिळत नाही.

तो एका भागाकारात मिळावा यासाठीच कॉन्ट्रिब्युशन मार्जिन, म्हणजे अंशदान, ही संकल्पना आहे. एक किलो कुंदा विकला की ४०० रुपये येतात. त्यांतले २५० रुपये त्या किलोसाठी आलेल्या दुधाचे, साखरेचे, गॅसचे आणि डब्याचे देणे असते. तो किलो केलाच नसता तर हे देणे निर्माणच झाले नसते. उरलेले १५० रुपये स्थिर खर्चाकडे जमा होतात. पहिल्या किलोचे १५०, दुसऱ्याचे १५०, असे करत १,२००व्या किलोला १,८०,००० रुपये पुरे होतात. तोपर्यंत मालकाच्या हाती एक रुपयाही नफा नसतो, आणि १,२०१व्या किलोपासून प्रत्येक किलोचे पूर्ण १५० रुपये नफा असतात. सध्याच्या विक्रीत १,२०० च्या पुढचे ३०० किलो आहेत, ३०० गुणिले १५० म्हणजे ४५,००० रुपये. तुमच्या ३० रुपयांना १,५०० ने गुणले तरी ४५,००० रुपयेच येतात. म्हणजे ३० हा आकडा चुकीचा नाही. तो १,५०० किलोंच्या महिन्याची सरासरी सांगतो. पुढचा एक किलो विकल्यास नफा किती वाढेल हे मात्र तो सांगत नाही. ते १५० रुपये सांगतात.

प्रश्नात रुपयांतली विक्री विचारली असेल तर अंशदानाचे विक्रीशी प्रमाण घ्यावे. १५० भागिले ४०० म्हणजे ३७.५ टक्के. १,८०,००० भागिले ०.३७५ म्हणजे ४,८०,००० रुपये, आणि १,२०० किलो गुणिले ४०० रुपये तेवढेच येतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नोट्समध्ये २५० आणि १,८०,००० हे आकडे तयार दिलेले असतात, पण प्रत्यक्षात समोर बिलांचा गठ्ठा असतो. म्हणून या दोन आकड्यांच्या आत काय असू शकते ते मी उदाहरणापुरते धरून दाखवतो. एका किलो कुंद्यासाठी ४ लिटर दूध, ४५ रुपये दराने १८० रुपये; साखर १४ रुपये; गॅस २१ रुपये; विजेचा बदलता भाग ५ रुपये; छापील डबा १५ रुपये; दुकानापर्यंत पोहोचवण्याचे १५ रुपये. बेरीज २५० रुपये. महिन्याच्या बाजूला जागेचे भाडे ४०,००० रुपये, मासिक पगार १,०२,००० रुपये, विजेचा स्थिर भाग ६,००० रुपये, कढया आणि शीतपेटीचा घसारा १२,००० रुपये, आणि विमा, हिशेबनीस, फोन वगैरे २०,००० रुपये. बेरीज १,८०,००० रुपये.

कोणता खर्च कोणत्या बाजूला जाईल हे ठरवताना बिल दर महिन्याला येते की रोज द्यावे लागते, याकडे पाहू नये. दूधवाल्याचे बिल महिन्याला एकदाच चुकते केले तरी दूध हा बदलता खर्चच राहतो. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या महिन्यात १०० किलो कुंदा जास्त झाला तर हा खर्च वाढेल का, आणि त्याच प्रमाणात वाढेल का? भाडे वाढणार नाही. डबे वाढतील. गॅसच्या टाक्या ठरावीक आकाराच्या असल्या तरी दूध आटवण्याचे काम जितके वाढेल तितका गॅस जळेल, म्हणून तो बदलत्या बाजूला.

मजुरीच्या बाबतीत नोट्समधले एक वाक्य विद्यार्थ्यांना हमखास चकवते, ते म्हणजे ‘प्रत्यक्ष मजुरी हा बदलता खर्च आहे’. हे वाक्य मजुरी कामाच्या मापाने दिली जाते तिथे खरे ठरते. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या स्त्रियांना हजार विड्यांमागे मजुरी मिळते. तिथे विडीची मजुरी पूर्णपणे बदलती आहे, कारण विड्या वळल्या नाहीत तर मजुरी लागत नाही. आपल्या उदाहरणातला आचारी आणि त्याचे मदतनीस मात्र मासिक पगारावर आहेत. त्यांनी १,००० किलो केले काय किंवा १,५०० किलो केले काय, पगार १,०२,००० रुपयेच जातो. ही मजुरी प्रत्यक्ष उत्पादनावर होत असली तरी महिन्याच्या हिशेबात ती स्थिर आहे. सणासुदीला त्याच लोकांना जादा तासांचे पैसे दिले तर फक्त तेवढा भाग बदलता धरावा. परीक्षेतल्या गणितात ‘मजुरी प्रतिनग’ असे दिले असेल तर अर्थातच ती बदलतीच घ्यावी. तिथे दिलेल्या माहितीबाहेर जाऊ नये.

वीज हा मिश्र खर्च आहे आणि त्याची फोड करावी लागते. हेस्कॉमच्या बिलावर मंजूर भारानुसार लागणारा स्थिर आकार आणि वापरलेल्या युनिटांचा आकार वेगवेगळे दाखवलेले असतात, त्यामुळे फोड आयतीच मिळाली असे वाटते. पण तसे नाही. शीतपेटी आणि दिवे रोज चालतातच, कुंदा कमी झाला म्हणून ते बंद होत नाहीत. त्यांचे युनिट ‘वापर’ या सदरात छापलेले असले तरी आपल्या दृष्टीने ते स्थिर आहेत. म्हणून फोड बिलातल्या सदरांवरून न करता उत्पादनाशी ताडून करावी. समजा, १,००० किलोंच्या महिन्यात बिल ११,००० रुपये आले आणि १,८०० किलोंच्या महिन्यात १५,००० रुपये. उत्पादन ८०० किलोंनी वाढले आणि बिल ४,००० रुपयांनी, म्हणजे किलोमागे ५ रुपये. १,००० किलोंचे ५,००० रुपये ११,००० मधून वजा केले की ६,००० रुपये स्थिर भाग राहतो. वर मी घेतलेले ५ आणि ६,००० हे आकडे याच रीतीने आले आहेत.

ही सर्वाधिक आणि सर्वांत कमी उत्पादनाच्या दोन महिन्यांची रीत सोपी आहे, परंतु ती फक्त दोनच बिलांवर उभी असते. त्यांपैकी एक महिना एप्रिल-मेचा असेल तर शीतपेटीवरचा ताण उन्हामुळे वाढलेला असतो, आणि ती वाढ उत्पादनामुळे झाली असे गणित सांगू लागते. मध्येच विजेचा दर बदलला असेल तरीही तेच होते. तपासण्याचा मार्ग असा की मधल्या एखाद्या महिन्याचे बिल घेऊन त्यावर सूत्र लावून पाहावे. १,५०० किलोंच्या महिन्यात ६,००० अधिक ७,५०० म्हणजे १३,५०० रुपये यायला हवेत. प्रत्यक्ष बिल १३,३०० किंवा १३,८०० रुपये असेल तर फोड कामापुरती ठीक आहे. १६,००० रुपये असेल तर निवडलेल्या दोन महिन्यांपैकी एक वेगळ्या परिस्थितीतला आहे असे समजून दुसरे महिने घ्यावेत.

विक्रीदराबद्दलही एक खबरदारी घ्यायला हवी. ४०० रुपये हे घटकाला खरोखर मिळणारे पैसे असले पाहिजेत, म्हणजे जीएसटी वगळून आणि दुकानदाराचा नफा बाजूला ठेवून. शहापूरच्या किंवा खडेबाजारातल्या दुकानात ग्राहक जो दर मोजतो तो घटकाचा विक्रीदर नव्हे. तो दर सूत्रात घातला तर अंशदान फुगते आणि ब्रेक-इव्हन आहे त्याहून बराच जवळ दिसतो.

अंशदानाची खरी उपयुक्तता आकडे बदलतात तेव्हा कळते, म्हणून याच उदाहरणावर दोन बदल करून पाहू. पहिल्यांदा घरमालकाने भाडे १०,००० रुपयांनी वाढवले असे धरा. स्थिर खर्च १,९०,००० होतो, अंशदान १५० रुपयेच राहते, आणि ब्रेक-इव्हन १,२६६.६७, म्हणजे १,२६७ किलो येतो. इथे अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्ण संख्येकडे न्यावा, कारण १,२६६ किलोंवर अजून १०० रुपये तोटा राहतो. आता भाडे पूर्वीचेच ठेवा आणि उन्हाळ्यात दुधाचा दर लिटरला ४५ वरून ५० रुपये झाला असे धरा. पाच रुपयांची ही वाढ वरवर किरकोळ वाटते. पण किलोला ४ लिटर दूध लागते, म्हणून बदलता खर्च २० रुपयांनी वाढून २७० होतो, अंशदान १३० रुपयांवर येते आणि ब्रेक-इव्हन १,३८५ किलोंवर जातो. १,५०० किलो विक्रीवरचा नफा ४५,००० वरून १५,००० रुपयांपर्यंत उतरतो. भाडेवाढीने तो ३५,००० राहिला असता. भाडेवाढीची चर्चा घरात महिनाभर चालते आणि दुधाच्या दरातले पाच रुपये ‘सगळीकडेच वाढले आहेत’ म्हणून सोडून दिले जातात, असे या भागातल्या छोट्या घटकांत मी वारंवार पाहिले आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या बदलाची झळ पहिल्याच्या तिप्पट आहे, कारण ती प्रत्येक किलोला लागते.

तुमच्या ३७० रुपयांचा गैरवापर कुठे होतो तेही इथेच सांगतो. दुधाचा दर पूर्वीचा ४५ रुपयेच आहे असे धरा. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने एकदाच ३०० किलो कुंदा ३२० रुपये दराने मागितला, आणि माल तो स्वतः येऊन नेणार आहे. पूर्ण खर्च ३७० म्हणून किलोमागे ५० रुपये तोटा, असे म्हणून मालक नकार देईल. अंशदानाने पाहिले तर पोहोचवण्याचे १५ रुपये वाचतात, बदलता खर्च २३५ रुपये राहतो आणि किलोमागे ८५ रुपये मिळतात. १,५०० किलोंनी स्थिर खर्च आधीच भरून काढला आहे, म्हणून ३०० किलोंचे २५,५०० रुपये सरळ नफ्यात येतात. मात्र यासाठी दोन अटी पूर्ण व्हायला हव्यात. त्या ३०० किलोंसाठी कढई आणि माणसे रिकामी असली पाहिजेत, आणि हा दर ऐकून बेळगावच्या नेहमीच्या दुकानदारांनी ४०० रुपयांऐवजी ३२० रुपये देऊ केले नाहीत पाहिजेत. दुसरी अट मोडली तर १,५०० किलोंवर किलोमागे ८० रुपये जातात, म्हणजे १,२०,००० रुपये, आणि घटक तोट्यात जातो. म्हणून असा दर एकाच मोठ्या मागणीपुरता आणि वेगळ्या बाजारपेठेपुरताच द्यावा, कायमचा दर म्हणून नव्हे.

सूत्रात एक गृहीत दडलेले असते, ते म्हणजे जेवढा माल केला तेवढा विकला गेला. सिमेंट किंवा ओतीव सुट्या भागांना हे बरेचसे लागू पडते, कारण उरलेला माल पुढच्या महिन्यात विकता येतो. कुंदा दुधाचा पदार्थ आहे. दुकानदाराने ५० किलो परत केले आणि ते टाकून द्यावे लागले तर त्यांवर गेलेले किलोमागचे २५० रुपये, म्हणजे १२,५०० रुपये, त्या महिन्यात इतर किलोंच्या अंशदानातून भरून काढावे लागतात. १५० रुपये अंशदानाने ते भरायला आणखी ८४ किलो विकावे लागतात. परतीचे प्रमाण दर महिन्याला साधारण सारखे असेल तर ते बदलत्या खर्चातच प्रतिकिलो मिसळून घेणे चांगले. नाहीतर कागदावर ब्रेक-इव्हन गाठलेला दिसतो आणि बँकेत पैसे कमी पडतात.

शेवटचा मुद्दा स्थिर खर्चाच्या मर्यादेचा. स्थिर याचा अर्थ कोणत्याही उत्पादनाला तेवढाच राहणारा असा नव्हे. एका ठरावीक पट्ट्यात तेवढाच राहणारा असा आहे. आपल्या घटकाची क्षमता महिन्याला १,८०० किलो धरा. त्या पातळीवर अंशदान २,७०,००० रुपये आणि नफा ९०,००० रुपये होतो. गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत मागणी याहून वर गेली तर दुसरी कढई आणि दोन माणसे लागतील. त्यांचा महिन्याचा खर्च ३३,००० रुपये धरू. स्थिर खर्च एकदम २,१३,००० रुपयांवर चढतो आणि नवा ब्रेक-इव्हन १,४२० किलो येतो. मागणी तर १,८०० च्या वर आहे, म्हणून मालक निश्चिंत होतो, पण त्याने तुलना चुकीच्या आकड्याशी केलेली असते. त्याने विचारायला हवे ते हे की पूर्वीचा ९०,००० रुपयांचा नफा टिकवायला किती किलो विकावे लागतील. २,१३,००० अधिक ९०,००० म्हणजे ३,०३,००० रुपये, भागिले १५०, उत्तर २,०२० किलो. त्या महिन्यात १,९०० किलो विकले गेले तर नफा ७२,००० रुपयेच राहतो, म्हणजे शंभर किलो जास्त विकूनही १८,००० रुपये कमी. मागणी २,०२० किलोंच्या वर जाईल अशी खात्री नसेल, तर वाढीव माणसे महिन्याच्या पगारावर न ठेवता सणापुरती किलोच्या हिशेबाने लावावीत, कारण मग तो खर्च स्थिर बाजूतून बदलत्या बाजूला येतो. माणसांचा आणि भाड्याने घेतलेल्या कढईचा मिळून खर्च किलोमागे ४० रुपये पडला, तर १,८०० च्या पुढच्या प्रत्येक किलोचे अंशदान ११० रुपये राहते. १,९०० किलोंवर नफा १,०१,००० रुपये होतो.